रडायची ड्यूटी

"आज रडायची ड्यूटी कोनाची हाय?"

हे वाक्य कानावर पडलं तेव्हा मी नागपूरजवळ बेसाच्या पुढच्या त्या वृद्धाश्रमात, स्वयंपाकघराच्या मागच्या नळावर हात धूत होतो. आमच्या मंडळाचं ते तिथलं दुसरं वर्ष. आत हॉलमध्ये आमची पोरं दसऱ्याच्या शुभेच्छांचा फलक लावत होती, स्पीकरची वायर शोधत होती, आणि इकडे हे गृहस्थ दोन आज्यांसमोर उभे राहून अगदी गंभीर चेहऱ्यानं हजेरी घेत होते. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान. त्याच्या कोऱ्या बाजूला पेनानं रकाने आखलेले. हसणे, टाळ्या, नाच, आशीर्वाद, रडणे. प्रत्येकापुढे नावं.

"देशकरबाई, मागच्या रविवारी तुम्हीच रडल्या. आज तुम्हाले सुट्टी," ते म्हणाले. "आज टाळ्या वाजवा."

माझं डोकंच सटकलं. महिनाभर आम्ही घाम गाळतो, पोरं रविवारच्या झोपा मोडून तालमी करतात, आणि ही मंडळी आमच्यापुढे नाटक करतात? कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठलंच. म्हटलं, "काका, हा काय प्रकार आहे? आम्ही काय मूर्ख आहोत का?"

ते अजिबात वरमले नाहीत. मनगटावरचं मोठ्ठं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "बस गा इथे. रागावू नको. गणपतीपासून दिवाळीपर्यंत दर रविवारी कोनी ना कोनी येते. एखाद्या रविवारी दोन-दोन गट. तेच गाणे, तेच खेळ, तोच चिवडा. म्हातारे थकून जाते बापा. पन पोट्टे बिचारे जीव लावून करते. कोनीच रडलं नाही तं त्याहिले वाटते आपलं फुकट गेलं. आन् सगळेच रडले तं थे घाबरते, पुन्हा येत नाही. म्हनून एक जन. फार झाले तं दोन. बरोबर जमते."

कप्पाळ! वर मलाच म्हणाले, "आन् खोटं कोनी रडत नाही. ज्याची ड्यूटी त्याले फक्त परवानगी असते. बाकीच्याहिनं दाबून धरायचं."

ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सारी नोकरी काटोलच्या स्टँडवर, त्या खिडकीच्या आत गेली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल, कोणता ड्रायव्हर आला नाही, कोणाला डबल ड्यूटी द्यायची, हे ठरवण्यात तीस-पस्तीस वर्षं काढलेला माणूस. लग्न केलं नाही. का नाही केलं, तर म्हणे, "वेळापत्रकात बसलं नाही." आश्रमात सगळे त्यांना कंट्रोलर साहेब म्हणायचे. त्यांचं खरं नाव रजिस्टरमध्ये होतं, तिथेच राहिलं.

माणूस चक्रमच होता, यात वादच नाही. संडासच्या रांगेपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळ्याचं वेळापत्रक त्यांच्याकडे. सकाळच्या चहाला कोणी उशिरा आलं की मोठ्यानं पुकारायचे, "खाट नंबर बारा, खाट नंबर बारा, चहा सुटून राहिला!" झोपताना पायात मोजे आणि अंगात नोकरीतला तोच खाकी कोट. कार्यक्रमाला आलेल्या कोणी पाया पडायला वाकलं की आधी पाय मागे घ्यायचे आणि विचारायचे, "नाव?" नाव सांगितल्याशिवाय आशीर्वाद नाही. "पत्ता नसलेल्या पार्सलाले काय करू मी?" हा त्यांचा ठरलेला विनोद. प्रत्येक गटाला तोच ऐकवायचे आणि दरवेळी आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं हसायचे. पोरं फिदा.

आणि आमच्यासारख्यांची ते जी शाळा घ्यायचे! आज मी नव्या पोरांना जे काही सांगतो ते सगळं त्यांच्याकडून शिकलेलं. पहिल्या वर्षी आम्ही किलोभर पेढे आणि फुगे घेऊन गेलो होतो. फुगे त्यांनी गेटवरच अडवले. एक फुगा फुटला की हॉलमधल्या चार जणांचं काळीज धडधडतं, म्हणाले. पेढे पाहून तर कपाळावर हात मारला. "अर्ध्याहिले शुगर हाय, आन् उरलेल्याहिले दात नाही!"

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. महिनाभर आधी फोन, मग मंडळाचं पत्र, मग आम्ही दोघं-तिघं जाऊन व्यवस्थापक ताईंकडून यादी आणायची. कोणाला साखर चालत नाही, कोणाला कानानं कमी ऐकू येतं, कोण चाकाच्या खुर्चीवर, कोण खाटेवरून उठतच नाही. वेळ साडेदहा ते बारा, एक मिनिट जास्त नाही, कारण बाराला जेवण आणि जेवणाआधीच्या गोळ्या. खुर्च्या हाताच्या, प्लास्टिकची स्टुलं नाहीत. संगीत खुर्ची बंद, कोणी पडलं तर खुब्याचं हाड जातं. उशीची देवाणघेवाण चालते, गाणं थांबेपर्यंत बसल्या जागी उशी पुढे द्यायची. मिठाईऐवजी केळी, मऊ उपमा, आणि आश्रमाला लागेल ते किराणा सामान. फोटो विचारून. "मुलं काय करतात?" हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. आणि सगळ्यात शेवटी, जे खाटेवर आहेत त्यांच्याकडे दोघादोघांनी खोलीत जाऊन सोनं द्यायचं. आमच्याकडे सोनं द्यायला कोजागिरीपर्यंत चालतं, त्यामुळे दसऱ्यानंतरचा रविवार आमचा ठरलेला.

भेटकार्डं पोरं हातानं करायची. मोठ्या अक्षरात, प्रत्येकावर नाव. यादी आली की कार्डं वाटून घ्यायची. आमच्यात प्राची नावाची एक मुलगी होती, बी.कॉम. करत होती, आवाज असा की ऐकतच राहावं. कार्डं पण सगळ्यात सुंदर तीच करायची, आणि त्याचं कारण होते मास्तर.

मास्तर म्हणजे कंट्रोलर साहेबांच्या खोलीतले दुसरे. भंडाऱ्याकडचे, ड्रॉइंग शिकवायचे. दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं. पंखा, खिडकी, रेडिओ, देव, कशावरच नाही. दिवसातून चारदा भांडायचे आणि मग एकाच ताटलीत पपई खायचे. कंट्रोलर साहेब म्हणायचे, "हा मास्तर म्हनजे विनातिकीट प्रवासी हाय. जिथे बसवला तिथे बसत नाही." मास्तर त्यांच्याकडे न बघता मला सांगायचे, "ह्या माणसाला घंटी वाजल्याशिवाय भूकही लागत नाही." आम्ही गेलो की मास्तर प्राचीला बोलावून तिच्या कार्डातल्या चुका दाखवायचे. पानाला शीर कशी असते, बैलाचं वशिंड कुठे उचललेलं असतं. ती वर्षभर त्या चुका लक्षात ठेवायची. पुढच्या दसऱ्याला कार्ड आणून दाखवायची. ज्या वर्षाचं मी सांगणार आहे त्या वर्षीही तिनं त्यांच्यासाठी आपट्याची फांदी काढली होती. पंधरा दिवस लागले तिला.

आता त्या रविवारचं सांगतो. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती लपवून गोष्ट रंगवायची माझी छाती होत नाही. त्या दिवशी पहाटे मास्तर गेले होते. झोपेतच. आम्हाला काहीच माहीत नव्हतं.

नंतर व्यवस्थापक ताईंनी सांगितलं ते असं. सकाळी डॉक्टर येऊन कागद देऊन गेले. मास्तरांचा भंडाऱ्याचा पुतण्या म्हणाला, मी सरळ घाटावरच येतो, तुम्ही तिकडे घेऊन या. शववाहिका मिळाली ती साडेअकराची. ताईंनी मला फोन करायला मोबाईल उचलला, कार्यक्रम रद्द करा म्हणून सांगायला, आणि कंट्रोलर साहेबांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

त्यामागे एक जुनी गोष्ट होती. त्याच्या दोनेक वर्षं आधी संक्रांतीला एका कॉलेजची पोरं तिळगूळ घेऊन आली होती. दरवर्षी यायची. त्या दिवशी एक आजी गेल्या होत्या आणि व्हरांड्यातच ठेवल्या होत्या. एक पोरगी चक्कर येऊन पडली. बाकीची तिळगुळाचा डबा टेबलावर ठेवून निघून गेली. ती पोरं पुन्हा कधीच आली नाहीत. फोन केला तर परीक्षा आहे म्हणाली, मग फोनही उचलेनात. "मेलेली बाई होती गा, वाघ थोडीच होता," कंट्रोलर साहेब हे सांगताना अजूनही चिडायचे. "पन पोट्टेच थे. त्याहिले काय म्हना?"

म्हणून त्या सकाळी ते प्रत्येक खाटेपाशी गेले. मास्तर गेले हे सांगितलं आणि विचारलं, "पोट्टे येऊन राहिले. येऊ द्यायचे का परत पाठवायचे?" एकेकाला वेगळं विचारलं. सगळे म्हणाले, येऊ द्या. देशकरबाई म्हणाल्या, "ती गाणारी पोर येईल ना? मास्तरांची पोर? मग येऊ द्या."

आम्ही बरोबर सव्वादहाला पोचलो. बावीस पोरं, दोन गाड्या, केळीची करंडी, उपम्याचं पातेलं. गेटवर कंट्रोलर साहेब उभे, खाकी कोटात, दाढी केलेली. "लेट हाय तुम्ही," म्हणाले. नव्हतो.

हॉलमध्ये गेलो तर खुर्च्या उलट्या मांडलेल्या. दरवर्षी आजी-आजोबांची पाठ खिडकीकडे असायची, म्हणजे डोळ्यावर ऊन येत नाही. त्या दिवशी तोंडं खिडकीकडे. आम्ही गायचं ते खिडकीला पाठ करून. मी कुरकुरलोच. "काका, यांच्या डोळ्यांवर ऊन येईल ना."

"येऊ दे," ते म्हणाले. "थंडी पडून राहिली आता." ऑक्टोबरात नागपूरला कुठली आली थंडी! पण त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा.

प्राची कार्ड घेऊन थेट मास्तरांच्या खोलीकडे निघाली. कंट्रोलर साहेब दारात आडवे आले. हात चौकटीला.

"मास्तर कुठे आहेत?"

"झोपला हाय."

"आत्ता? साडेदहाला?"

"रात्री पंख्यावरून आमचं भांडन झालं. झोप नाही झाली त्याले. उठवू नको."

"मी फक्त उशाशी ठेवते ना."

"माह्याजवळ दे," ते म्हणाले आणि हात पुढे केला. तिनं नाइलाजानं कार्ड आणि आपट्याची दोन पानं त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी कार्ड उघडून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, "शीर बरोबर काढली या टायमाले. जा, गाणं म्हन. मोठ्यानं म्हन, त्याले आतमधी ऐकू गेलं पाहिजे."

कार्यक्रम सुरू झाला. उशीची देवाणघेवाण झाली. एका पोरानं नक्कल केली. पत्ता नसलेल्या पार्सलाचा विनोद झाला आणि त्यावर ते नेहमीसारखे हसले, अगदी तसेच. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो आणि मला काहीएक कळलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

साडेअकराला प्राचीनं गाणं सुरू केलं, आजी-आजोबांना आवडतं ते जुनं भावगीत. कंट्रोलर साहेब तिच्या शेजारी येऊन उभे राहिले, आमच्यासारखीच खिडकीकडे पाठ करून. दुसऱ्या कडव्याला देशकरबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग शेजारच्या आजोबांच्या. मग एकेक करत अख्खी रांग रडायला लागली. चाकाच्या खुर्चीवरच्या आजी तोंडात पदर धरून हमसून हमसून रडत होत्या. मी मनात म्हटलं, वा, आज ड्यूटीचं पान फाटलं वाटतं, सगळ्यांचीच ड्यूटी!

गाणं संपलं. टाळी नाही. आणि कंट्रोलर साहेब ओरडले, "वन्स मोअर!"

प्राचीनं पुन्हा म्हटलं. संपल्यावर पुन्हा, "वन्स मोअर!" आवाज एकदम फाटलेला. पोरं खूश, कोणी समोरची रडणारी रांग मोबाईलमध्ये घेत होतं. तिसऱ्यांदा गाणं अर्ध्यावर आलं असेल, तेव्हा समोर बसलेल्या सगळ्यांनी हात जोडले. एकदम, सगळ्यांनी. प्राची गाता गाता थांबली, भारावून गेली, आणि तिनंही हात जोडले. तिचं बघून आम्ही सगळ्यांनीच हात जोडून, वाकून नमस्कार केला. कंट्रोलर साहेबांनी घड्याळ पाहिलं. "झालं," म्हणाले. "उपमा वाढा आता."

बारा वाजता निघालो. पोरं गाडीत बसली आणि मला आठवलं, स्पीकरची वायर राहिली. मी परत गेलो. मागच्या बाजूला शांताबाई, तिथल्या मदतनीस, एक गादी उन्हात टाकत होत्या. खिडकीतून आत पाहिलं तर मास्तरांची खाट रिकामी. मी विचारलं, "मास्तरांना कुठे नेलं?" शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तिथेच खाली बसून रडायला लागल्या. त्यांच्याकडूनच मला सगळं कळलं. गाडी कधी आली, गेटातून कधी निघाली, सगळं.

खोलीत कंट्रोलर साहेब आपल्या खाटेवर बसले होते. कोट तसाच अंगात. मी नुसता दारात उभा राहिलो.

"कळलं तुले?" ते म्हणाले.

"काका, तुम्ही सांगायला हवं होतं. आम्ही परत गेलो असतो."

"थेच तं नको होतं ना."

मग ते रडले. त्या माणसाला मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. मी शेजारी बसलो, त्यांचा हात धरला. तेही थोडाच वेळ. त्यांनीच हात सोडवला. "जाय. पोट्टे गाडीत बसले हायत. पुढच्या साली येतो म्हनाले ना?"

"म्हणाले."

"मंग जाय. आन् सांगू नको त्याहिले."

गाडीत पोरं नुसती उड्या मारत होती. "दादा, सगळे रडले! आजपर्यंतचा बेस्ट कार्यक्रम!" प्राची खिडकीपाशी बसली होती, डोळे पुसत, हसत. मी म्हटलं, "हो. मस्त झाला." दुसरं काय म्हणणार होतो?

पोरं पुढच्या वर्षी आली. त्याच्याही पुढच्या वर्षी आली. मास्तर पुतण्याकडे भंडाऱ्याला राहायला गेले असं साहेबांनी सांगितलं आणि सगळ्या आज्या-आजोबांनी माना डोलावल्या. प्राची आता मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे, तरी दसऱ्यानंतरचा रविवार तिनं एकदाही चुकवला नाही. नव्या मुलींना ती नेहमी त्या दिवसाचं सांगते, लोक कसे रडले, तीनदा वन्स मोअर कसा आला. मी ऐकत राहायचो.

या उन्हाळ्यात कंट्रोलर साहेब गेले. ताईंचा फोन आला, मी प्राचीला कळवलं, दोघं घाटावर जाऊन आलो आणि परत आश्रमाच्या व्हरांड्यात पायरीवर बसलो. ती म्हणाली, "दादा, मास्तरांना कळवायला पाहिजे ना? नंबर आहे का भंडाऱ्याचा?"

मला आता खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. खुर्च्या का उलट्या होत्या, तेही. आपण गात होतो तेव्हा आपल्या पाठीमागे, खिडकीतून दिसेल अशी, मास्तरांना घेऊन जाणारी गाडी गेटाशी उभी होती. त्यांना आणायला, आत ठेवायला वेळ लागत होता, म्हणून वन्स मोअर. ते हात आपल्याला जोडलेले नव्हते.

मला वाटलं चिडेल माझ्यावर, आणि चिडायचा तिला हक्क होता.

मग तिनं विचारलं, "पण दादा, काका तर माझ्या शेजारी उभे होते ना? खिडकीकडे पाठ करून?"

"हो."

"मग त्यांनी नाही पाहिलं मास्तरांना जाताना?"

"नाही. ते वळले असते तर आपण सगळे वळलो असतो."